मापट्याचे ग्रॅम

परदेशातल्या आतेभावाला अनारसे करायचे होते, म्हणून नात आजीची चिठ्ठी इंग्रजीत उतरवायला बसली. चिठ्ठीत होतं: ‘जुना तांदूळ एक मापटं, तीन दिवस भिजत, रोज पाणी बदलणे. पिठात मावेल तेवढा गूळ. तूप बेताने.’

मापटं म्हणजे अर्धा शेर, पण ते भांड्याचं माप, वजनाचं नव्हे. शिवाय गावोगावी शेर वेगळा. म्हणून कोष्टकापेक्षा घरातलं पितळी मापटं खरं. तिने ते तांदळाने सपाट भरून तोललं: साडेचारशे ग्रॅम.

खरी अडचण गुळाची. तांदूळ निथळून, फडक्यावर जेमतेम सुकवून दमट असतानाच दळतात. त्या पिठात पाणी किती राहिलं, यावर गूळ ठरतो. तिने साडेतीनशे ग्रॅम किसलेला गूळ घातला, चमचाभर तूप लावून गोळे डब्यात मुरवले आणि चार दिवसांनी खसखशीवर एकच अनारसा थापून मंद आचेवर तुपात सोडला. तो हसला, म्हणजे तुपात विरघळून पसरला. गूळ किंवा ओल जास्त झाली की असं होतं. तिने राखून ठेवलेलं थोडं कोरडं तांदळाचं पीठ मळलं, तेव्हा पुढच्याला जाळी धरली. गूळ कमी पडला असता, तर अनारसा कडक झाला असता.

भावाला पाठवलेल्या कागदावर तिने तांदळाचे ग्रॅम ठामपणे लिहिले. गुळापुढे मात्र लिहिलं: ‘तीनशेपासून सुरुवात कर, आधी एकच तळून बघ.’