१३३ कुठून आले?

पाचवीत शिकणाऱ्या भाचीने संध्याकाळी व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. वहीवर काढलेला कोन, त्यावर ठेवलेला पारदर्शक कोनमापक आणि खाली तिने पेन्सिलीने लिहिलेले उत्तर, १३३ अंश. पुस्तकामागच्या उत्तरात ५३ होते. सोबत प्रश्न होता, "मावशी, आकडे बाहेरचे वाचायचे की आतले?"

या प्रश्नाला "बाहेरचे" किंवा "आतले" असे उत्तर देता येत नाही. कंपासपेटीतल्या बहुतेक कोनमापकांवर आकड्यांच्या दोन ओळी असतात. भाचीच्या कोनमापकावर बाहेरची ओळ डावीकडे ० पासून सुरू होऊन उजवीकडे १८० ला संपत होती. आतली ओळ उलट, म्हणजे उजवीकडे ० आणि डावीकडे १८०. काही कोनमापकांवर हीच मांडणी अदलाबदल केलेली असते. म्हणून "उजवीकडे उघडणारा कोन आतल्या ओळीवर मोजा" असा नियम पाठ केला, तर दुसऱ्याचा कोनमापक हातात घेतल्यावर तोच नियम चुकवतो. त्यापेक्षा ओळीचे नाव विसरावे आणि शून्य शोधावे. कोनाची एक भुजा कोनमापकाच्या आडव्या रेषेवर असते. ती भुजा ज्या शून्यावरून जाते, त्या शून्याची ओळ आपली. दुसऱ्या भुजेपर्यंत तीच ओळ धरून चालत जायचे, मध्येच दुसरीवर उडी मारायची नाही.

भाचीच्या फोटोत आडवी भुजा डावीकडे गेली होती. डाव्या टोकाला बाहेर ० होते आणि आत १८०. म्हणजे बाहेरची ओळ. तिथून १०, २०, ३० असे चढत गेले की ५० येतात आणि त्यापुढे तीन बारीक रेघांवर दुसरी भुजा. पन्नास आणि तीन, त्रेपन्न.

मग १३३ कुठून आले? मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ओळ चुकली एवढेच कारण धरले तर उत्तर १२७ यायला हवे होते. कोनमापकावरच्या कोणत्याही एका रेघेवरच्या दोन आकड्यांची बेरीज १८० असते: ५० च्या खाली १३०, ६० च्या खाली १२०. मग ५३ च्या खाली १२७ च असणार. भाचीने ५० च्या खालचे १३० पाहिले आणि पुढच्या तीन रेघा त्यात मिळवल्या. पण त्या दिशेने आतली ओळ उतरत होती, १३० नंतर १२० येत होते. तिथे तीन वजा व्हायला हवे होते. म्हणजे एका उत्तरात दोन चुका होत्या. नुसते "तू दुसरी ओळ वाचलीस" म्हटले असते, तर दुसरी चूक तशीच राहिली असती. म्हणून सुट्या रेघा मोजण्याआधी पुढचा मोठा आकडा कोणता, हे बघायला मी तिला सांगितले. आकडा वाढत असेल तर मिळवायचे. घटत असेल, तर आपण शून्यापासून निघालेलोच नाही.

मोजण्याआधी कोन डोळ्यांनी पाहावा, हेही तिला सांगितले. वहीच्या कोपऱ्यापेक्षा तो अरुंद असेल तर लघुकोन, उत्तर ९० च्या आत. रुंद असेल तर विशालकोन, ९० च्या पुढे. तिचा कोन कोपऱ्यापेक्षा स्पष्टपणे अरुंद होता, म्हणजे १३३ लिहिताक्षणीच खटकायला हवे होते. पण ही परीक्षा काटकोनाजवळ लंगडी पडते. ८८ आणि ९२ यांतला फरक नुसत्या नजरेला कळत नाही, तिथे शून्याचाच आधार घ्यावा लागतो.

थोड्या वेळाने दुसरा फोटो आला. यात कुठलीच भुजा शून्यावर नव्हती. एक भुजा आतल्या ओळीच्या ३५ वर, दुसरी ११० वर. अशा वेळी वजाबाकी करायची, ७५ अंश. मग मी तिला तेच बाहेरच्या ओळीवर करायला लावले. तिथे १४५ आणि ७० होते, वजाबाकी पुन्हा ७५. शून्यापासून सुरुवात नसेल तेव्हा कोणतीही ओळ चालते, फक्त दोन्ही आकडे एकाच ओळीचे हवेत. एका भुजेचे ३५ आतून आणि दुसरीचे ७० बाहेरून घेतले, तर उत्तर ३५ येते आणि कोन निम्म्याहून लहान होऊन बसतो.

फोटोतला कोनमापक वाचताना आणखी एक गोष्ट आधी पाहावी लागते, ती म्हणजे कोनाचा शिरोबिंदू आडव्या रेषेच्या मधोमध असलेल्या केंद्रबिंदूवर आहे की नाही. ही आडवी रेषा बऱ्याच कोनमापकांवर प्लास्टिकच्या कडेला नसते, थोडी वर असते. मुले कडच वहीतल्या रेषेला टेकवतात. कड आणि रेषा यांत अर्धा सेंटिमीटर अंतर असेल आणि आकड्यांच्या कमानीची त्रिज्या पाच सेंटिमीटर असेल, तर ६० अंशांचा कोन सुमारे ५७ दिसतो. ओळ बरोबर निवडूनही तीन अंश हरवतात. फोटोत हे ओळखू येते: आडवी भुजा शून्याच्या रेघेवरून न जाता तिच्या खालून गेलेली दिसते.

कोनमापक नीट ठेवला, पण फोटो तिरका काढला, तरी असेच होऊ शकते. रेघा प्लास्टिकच्या वरच्या अंगाला असतील, तर त्या आणि कागद यांमध्ये प्लास्टिकची जाडी असते. तिरके पाहिले की रेघा कागदावरच्या चित्रापासून किंचित सरकलेल्या दिसतात. पाच सेंटिमीटर त्रिज्येवर एक अंश म्हणजे एक मिलिमीटरपेक्षाही कमी जागा, त्यामुळे एवढ्याशा सरकण्याने अर्धा-एक अंश सहज इकडेतिकडे होतो. मोबाईल कोनमापकाच्या बरोबर वर, कागदाला समांतर धरला की ही अडचण उरत नाही.

तिरक्या फोटोवर, म्हणजे मोबाईलच्या पडद्यावरच, दुसरा कोनमापक ठेवून मात्र कधी मोजू नये. फोटो ४५ अंश तिरका असेल, तर चित्राची उंची दबते आणि ४५ अंशांचा कोन पडद्यावर साधारण ३५ अंशांचा दिसतो. फोटोतला कोनमापक त्या कोनाबरोबरच दबलेला असतो, म्हणून त्याच्या रेघा वाचल्या तर जाडीमुळे पडणारा थोडा फरक सोडता उत्तर बरोबर येते. भुजा आखूड असेल आणि आकड्यांपर्यंत पोहोचत नसेल, तर पडद्यावर कागदाची सरळ कड तिला लावून ती पुढे वाढवता येते. फोटो तिरका असला तरी सरळ रेषा सरळच राहते.

भाचीने रात्री तिसरा फोटो पाठवला, मोबाईल बरोबर वर धरून काढलेला. भुजा उजवीकडे होती, उजव्या शून्याची ओळ आतली होती, आणि दुसरी भुजा ११० व १२० च्या मध्ये, ११० पासून सहाव्या रेघेवर. खाली तिने ११६ लिहिले होते आणि बाजूला, मी न सांगता, बाहेरच्या ओळीवरचे ६४ लिहून बेरीज १८० करून पाहिली होती.