पाचवर थांबणारं गाणं

तीन-चार वर्षांचं मूल दहापर्यंत घडाघडा म्हणतं, पण समोरच्या चिंचोक्यांवर बोट ठेवताना एखादा वगळतं. म्हणून माझ्या मते पहिल्या अंकगीताचं उद्दिष्ट एवढंच असावं: एक अंक, एक वस्तू, एक टाळी.

एक बेडूक, टुणकन उडी,
दुसरा आला, मारली बुडी!
एक! दोन! मोजू चला,
किती झाले, सांगा मला!

पुढच्या कडव्यांत तिसरा, चौथा, पाचवा बेडूक येतो. अंकांची ओळ तेवढी लांबते, त्यामुळे ती घाईने ठेक्यात कोंबू नये. प्रत्येक अंकाला स्वतंत्र टाळी हवी. एक ते पाच हे सगळे अंक एका दमात, एका ठोक्यात उच्चारले जातात. ‘सहा’ मात्र दोन ठोके घेतो, आणि मुलाचं बोट ‘स’वर एकदा आणि ‘हा’वर पुन्हा पुढे सरकू शकतं. म्हणून हे गाणं पाचवर थांबतं.

शेवटचा ‘किती झाले?’ गाळू नये. मूल उत्तरादाखल पुन्हा ‘एक, दोन, तीन’ म्हणू लागलं, तर शेवटचा अंक म्हणजेच एकूण संख्या, हे त्याला अजून उमगलेलं नाही. अशा वेळी नवं कडवं न जोडता दोनच बेडकांवर रेंगाळावं.