विश्लेषण : पाच मिनिटांच्या फरकाने जुळ्यांच्या विवाहाचे भाकीत कसे बदलते?

सोलापूर जिल्ह्यातील अकलूजमध्ये २ डिसेंबर २०२२ रोजी झालेला एक विवाह देशभर चर्चेत आला. मुंबईत आयटी क्षेत्रात काम करणाऱ्या जुळ्या बहिणींनी एकाच तरुणाशी, एकाच मांडवात विवाह केला. चित्रफीत पसरली, अकलूज पोलीस ठाण्यात तेव्हाच्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९४ खाली अदखलपात्र नोंद झाली आणि चर्चा कायद्याभोवती फिरली. ज्या शहरातून दाते पंचांग निघते, त्या सोलापुरात मात्र आणखी एक प्रश्न निघणे साहजिक होते. जुळ्यांची पत्रिका एकसारखीच असेल, तर विवाहही एकसारखाच व्हायला हवा ना? अकलूजच्या बहिणींची पत्रिका हा इथला विषय नाही. पण जुळ्यांच्या पत्रिकेत नेमके काय सारखे असते, काय वेगळे असते आणि तो वेगळेपणा कितपत भरवशाचा असतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

(एक खुलासा. ज्योतिषात ‘लग्न’ म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. मराठीत दोन्हींना एकच शब्द असल्याने गोंधळ होतो, म्हणून पुढे ‘लग्न’ हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे, लग्नकार्यासाठी ‘विवाह’.)

जुळ्यांच्या पत्रिकेत काय बदलते?

पाच मिनिटांत ग्रह जवळपास हलत नाहीत. सर्वात वेगवान चंद्र. तोही पाच मिनिटांत पावणेतीन कलाच सरकतो आणि ६० कलांचा एक अंश होतो. म्हणजे रास तीच, नक्षत्र तेच, चरणही बहुधा तेच. चंद्रावरून काढल्या जाणाऱ्या विंशोत्तरी दशेत फरक पडतो, पण तो किरकोळ. जन्म शुक्राच्या २० वर्षांच्या दशेत असेल तर जुळ्यांच्या दशा एकमेकींपेक्षा साधारण २५ दिवस पुढेमागे होतात, रवीच्या सहा वर्षांच्या दशेत आठवडाभर. ‘२८व्या वर्षी योग’ असे सांगायचे झाले, तर दोघींना तेच सांगावे लागेल.

वेगाने धावते ते लग्न. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे २४ तासांत बाराही राशी उगवतात. एक रास साधारण दोन तास, एक अंश साधारण चार मिनिटे. हा वेग सर्व राशींना सारखा नसतो. सोलापूरच्या अक्षांशावर मीन रास पावणेदोन तासांच्या आत उगवून संपते, तर वृश्चिकेला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात.

प्रत्येक राशीचे नऊ भाग केले की ३ अंश २० कलांचा एक नवमांश होतो. उगवत्या राशीचा कोणता नववा भाग क्षितिजावर आहे, त्यावरून नवमांश कुंडलीचे लग्न ठरते. परंपरेनुसार विवाह आणि जोडीदार यांचा विचार मूळ पत्रिकेसोबत या नवमांश कुंडलीवरून करतात. नवमांश-लग्न सरासरी १३ मिनिटे २० सेकंदांनी बदलते. मीन लग्नात सोलापूरला ते ११ मिनिटांतच बदलते, वृश्चिकेत पावणेपंधरा मिनिटांपर्यंत टिकते.

एक उदाहरण पूर्ण मांडून पाहू

समजा, सोलापुरात जुळ्या मुली जन्मल्या. पहिलीच्या वेळी तूळ लग्न ९ अंश ३० कलांवर होते, दुसरी पाच मिनिटांनी जन्मली. तूळ रास सोलापूरला एका अंशाला सुमारे ४ मिनिटे २० सेकंद घेते. म्हणजे दुसरीचे लग्न साधारण १० अंश ४० कला.

मूळ पत्रिका दोघींची एकच. तूळ लग्न, सातवे म्हणजे विवाहाचे स्थान मेष, त्याचा स्वामी मंगळ. मंगळदोष असेल तर दोघींना, नसेल तर कोणालाच नाही.

आता नवमांश. तुळेचे नवमांश तुळेपासूनच मोजतात. पहिला तूळ, दुसरा वृश्चिक, तिसरा धनू (६ अंश ४० कला ते १० अंश), चौथा मकर (१० अंश ते १३ अंश २० कला). पहिली मुलगी धनूत पडली, दुसरी मकरेत. दोघींच्या दरम्यान १० अंशांची रेघ ओलांडली गेली, तीही पहिलीच्या जन्मानंतर साधारण दोन मिनिटे दहा सेकंदांनी.

ग्रहांचे नवमांश दोघींना तेच आहेत. उदाहरणासाठी शुक्र मिथुन नवमांशात आणि शनी कर्क नवमांशात धरू. ग्रह जागेवरच राहिले, पण घरांचे क्रमांक एकाने सरकले. पहिलीच्या नवमांशात सातवे घर मिथुन. तिथे शुक्र बसला, स्वामी बुध. पारंपरिक वाचन असे : जोडीदार बोलका, व्यापारी किंवा शिकलेला, आकर्षणातून जमलेला विवाह. दुसरीच्या नवमांशात सातवे घर कर्क. तिथे शनी बसला आणि शुक्र सहाव्यात गेला. वाचन असे : विवाहाला उशीर, वयाने मोठा किंवा गंभीर प्रकृतीचा जोडीदार, घरच्या जबाबदाऱ्या.

एकाच आईच्या, एकाच खोलीत जन्मलेल्या दोन मुलींची दोन भाकिते वेगळी करण्याचे सगळे काम इथे एका रेघेने केले.

याहून मोठा फरक पडतो तो मूळ लग्नच बदलले तर. पहिलीच्या वेळी कन्या संपत आली होती आणि दुसरीच्या वेळी तूळ सुरू झाली, असे झाले तर बाराही घरे सरकतात. मंगळ मीन राशीत असेल तर कन्या लग्नाला तो सातवा, म्हणजे मंगळदोष. तूळ लग्नाला सहावा, म्हणजे दोष नाही. एक बहीण ‘मंगळाची’ आणि दुसरी नाही. स्थळे पाहताना याचा अर्थ काय होतो, हे इथल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

हे किती वेळा घडते?

हिशेब सोपा आहे. पाच मिनिटांचे अंतर असेल तर नवमांश-लग्न बदलण्याची शक्यता साधारण आठात तीन, मूळ लग्न बदलण्याची चोविसात एक. अंतर पंधरा मिनिटांच्या पुढे गेले की नवमांश बदलतोच. सिझेरियनमध्ये दोन बाळांत बहुधा मिनिटा-दोन मिनिटांचेच अंतर असते. एका मिनिटाला नवमांश बदलण्याची शक्यता तेरा-चौदा जोड्यांत एक एवढीच. म्हणजे सिझेरियनने झालेल्या बहुतेक जुळ्यांचा नवमांशही एकच राहतो.

मग ज्योतिषी आणखी बारीक भागांकडे वळतात. षष्ट्यंश म्हणजे राशीचा साठावा भाग, अर्ध्या अंशाचा. तो दोन मिनिटांत बदलतो. के. एस. कृष्णमूर्ती यांच्या पद्धतीत नक्षत्राचे नऊ असमान उपविभाग करतात. सर्वात लहान ४० कलांचा, सर्वात मोठा सव्वादोन अंशांच्या जवळचा. विवाहासाठी सातव्या भावाच्या आरंभबिंदूचा उपस्वामी पाहतात. काही जण थोरल्याची पत्रिका लग्नावरून वाचतात आणि धाकट्याची तिसऱ्या म्हणजे भावंडांच्या स्थानावरून. या शेवटच्या पद्धतीला तर जन्मवेळेतल्या फरकाची गरजच उरत नाही. मग बारीक गणित कशासाठी, हा प्रश्न मला पडतो.

वेळ नेमकी कोणाच्या घड्याळाची?

खरी अडचण इथे आहे. जन्माच्या दाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ मिळते ती रुग्णालयाच्या कागदांतून किंवा आजीच्या आठवणीतून. ती बऱ्याचदा पाचाच्या पटीत लिहिलेली असते. शिवाय वेळ कशाची, डोके बाहेर आल्याची, पहिल्या रडण्याची की नाळ कापल्याची, यावर ज्योतिषांतही एकमत नाही.

वरच्याच उदाहरणात प्रसूतिगृहातले घड्याळ तीन मिनिटे मागे होते, असे धरा. खरे लग्न पहिलीचे १० अंश १२ कला, दुसरीचे ११ अंश २० कलांच्या आसपास. दोघीही मकर नवमांशात. फरक संपला आणि पहिलीचा शुक्रही सातव्यातून गेला.

गाव चुकले तर आणखी गंमत. सोलापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन रेखांश आहे, म्हणजे तेच लग्न मुंबईत १२ मिनिटे उशिरा येते. सॉफ्टवेअरमध्ये जन्मगावाच्या जागी मुंबई तशीच राहिली, तर या उदाहरणात अक्षांशाचा फरक धरून लग्न सुमारे तीन अंश मागे जाते. पहिली वृश्चिक नवमांशात जाते, दुसरी धनूत. म्हणजे धाकटीला थोरलीचे भाकीत मिळते आणि थोरलीला तिसरेच. अकलूजच्या जागी सोलापूर टाकले तरी साडेतीन मिनिटांचा फरक पडतो, जो सिझेरियनच्या जुळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा आहे. अयनांशाचेही तसेच. लाहिरी आणि रामन या दोन अयनांशांत सुमारे दीड अंशाचे अंतर आहे, वेळेत मोजले तर सहा मिनिटे.

आपली पत्रिका रेघेजवळ आहे का, हे पाहणे सोपे आहे. लग्नाचे अंश-कला पाहा. ० अंश, ३ अंश २० कला, ६ अंश ४० कला, १० अंश, १३ अंश २० कला, १६ अंश ४० कला, २० अंश, २३ अंश २० कला, २६ अंश ४० कला आणि ३० अंश या सीमांपैकी एखाद्या सीमेपासून लग्न सव्वा अंशाच्या आत असेल, तर पाच मिनिटांच्या चुकीने नवमांश बदलू शकतो. एक नवमांश ३ अंश २० कलांचा आणि दोन्ही बाजूंनी सव्वा-सव्वा अंश धोक्याचा, म्हणजे निर्धास्त भाग मधल्या ५० कलांचाच. चारांतल्या तीन पत्रिका या धोक्याच्या पट्ट्यात येतात, जुळे असोत वा नसोत.

हा वाद नवा आहे का?

मुळीच नाही. रोममध्ये निगिडियस नावाच्या विद्वानाने जुळ्यांच्या आक्षेपाला कुंभाराच्या चाकाने उत्तर दिले होते. फिरत्या चाकावर झटपट दोनदा शाईचा ठिपका दिला आणि चाक थांबल्यावर ठिपके एकमेकांपासून दूर दिसले. आकाशही असेच वेगाने फिरते, असा त्याचा दावा. पाचव्या शतकात संत ऑगस्टीनने त्यावर विचारले की, इतक्या सूक्ष्म क्षणावर सगळे अवलंबून असेल, तर तो क्षण टिपणार कोण आणि कसा? प्रसूतिगृहातल्या घड्याळाचा प्रश्न तोच आहे.

महाराष्ट्रात पत्रिकांची प्रत्यक्ष चाचणीही झाली. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी पुण्यात १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका दिल्या आणि कोणती कोणाची, एवढेच ओळखायला सांगितले. बरोबर उत्तरे ४६ टक्के आली. नाणे उडवले असते तर ५० टक्क्यांच्या आसपास आली असती. ती चाचणी बुद्धीबद्दल होती, विवाहाबद्दल नाही. जुळ्यांवर तशी चाचणी करायची तर प्रसूतिगृहात सेकंदापर्यंत नोंदलेल्या वेळा हव्यात आणि कोणाचा संसार कसा झाला हे ज्योतिषाला आधी माहीत नको. जुळ्यांच्या पत्रिका घेऊन जाणारे पालक बहुधा उलट करतात. आधी मुलींची हकिकत सांगतात, मग फरक विचारतात.