जीपीएसची उंची नकाशापेक्षा कमी का दिसते?

पुणे परिसरात नकाशावर ५६० मीटर उंची असलेल्या जागी जीपीएस सुमारे ४९५ मीटर दाखवू शकते. जीपीएस उंची मोजते ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, म्हणजे इलिप्सॉइडपासून. नकाशातील उंची सरासरी समुद्रसपाटीशी जुळणाऱ्या जिऑइडपासून असते. इथे जिऑइड इलिप्सॉइडच्या सुमारे ६५ मीटर खाली आहे.

शेताची पाहणी करताना आरटीके यंत्र आधी जवळच्या बेंचमार्कवर लावा. बेंचमार्कची उंची ५६०.०० आणि यंत्राचे वाचन ४९४.८० असेल, तर ६५.२० मीटरचा फरक शेतातील प्रत्येक बिंदूत मिळवा. शेवटी दुसऱ्या बेंचमार्कवर पडताळून पाहा. फरक शून्याजवळ आला, तर यंत्राने दुरुस्ती आधीच केलेली असते; पुन्हा मिळवू नका. मोबाईलच्या उंचीत मात्र काही मीटरची चूक राहतेच, त्यावरून चराचा उतार ठरवू नका.