डबा दुपारपर्यंत कोरडा

चि. भाचीस,
बंगळुरूहून मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझी पोळी दुपारी ओली होते, त्याचे कारण वाफ. गरम पोळी डब्यात कोंडली की झाकणाला थेंब धरतात आणि तेच पोळीवर ओघळतात. म्हणून पोळ्या जाळीवर पाच-सात मिनिटे सुट्या पसराव्यात व कोमट असतानाच सुती फडक्यात गुंडाळाव्यात. अधिक वेळ उघड्या राहिल्यास त्या कडक होतात. येथे चित्रान्नासाठीही भात आधी ताटात पसरून निववतात, तो याचसाठी. भेंडी झाकण न ठेवता परतावी, मीठ शेवटी घालावे. काकडीचे मीठ मात्र वेगळ्या पुडीत न्यावे. आधी घातल्यास तिला पाणी सुटते. दुपारी झाकण आतून कोरडे दिसले, म्हणजे साधले असे समज.

तुझी,
मावशी