मुंबईचे १८ होऊ नयेत म्हणून

मुंबईचा एसटीडी कोड ०२२. जावास्क्रिप्टमध्ये तो अवतरणचिन्हांशिवाय लिहिला तर त्याचे चक्क १८ होतात. सुरुवातीला शून्य दिसलं आणि पुढे ८ किंवा ९ नसेल, की ही भाषा आकडा अष्टमान पद्धतीचा धरते. पुण्याच्या ०२० चे १६ होतात, नागपूरच्या ०७१२ चे ४५८. ‘स्ट्रिक्ट मोड’ चालू असेल तर प्रोग्राम निदान अडून तरी बसतो. नसेल तर चुकीचा आकडा गुपचूप पुढे जातो. एसटीडी कोडची बेरीज कुणी करत नाही, त्यामुळे तो अवतरणचिन्हांत, म्हणजे मजकूर म्हणून ठेवणंच योग्य.

पण एक्सेलमधून ओळीखाली ओळ असे शेकडो कोड आले, तर प्रत्येकाला हाताने चिन्हं कोण लावणार? इथे रेजेक्स कामाला येतो. व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-एच दाबायचं, शोधाच्या चौकटीतलं `.*` हे बटण चालू करायचं आणि दोन ओळी लिहायच्या:

```
Find:    ^(\d+)$
Replace: "$1",
```

`\d` म्हणजे कोणताही एक अंक. `+` म्हणजे असे एक किंवा अधिक, सलग. `^` ओळीची सुरुवात सांगतो आणि `$` शेवट. कंसात जे सापडलं ते लक्षात ठेवलं जातं आणि `$1` लिहिलं की जसंच्या तसं परत मिळतं, शून्यासकट.

```
"022",
"020",
"0712",
```

खरी गंमत `+` ची आहे. नुसतं `(\d)` शोधलं तर प्रत्येक अंक सुटा पकडला जातो आणि मुंबईचे `"0","2","2",` असे तुकडे पडतात.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. एखाद्या कोडनंतर मोकळी जागा राहिली असेल, तर वरचा नमुना ती ओळ सोडून देतो. म्हणून ‘रिप्लेस ऑल’ दाबण्याआधी किती जागा सापडल्या तो आकडा पाहावा आणि ओळींच्या संख्येशी ताडावा. कमी भरला तर `^[ \t]*(\d+)[ \t]*$` वापरावं.

मराठी याद्यांत आणखी एक खोच आहे. जावास्क्रिप्टच्या नियमांनी चालणाऱ्या या शोधात `\d` फक्त `0` ते `9` ओळखतो. देवनागरी ०२२ त्याला दिसतच नाही. पायथन ३ मध्ये मात्र तोच `\d` देवनागरी अंकही पकडतो. व्हीएस कोडमध्ये ते हवे असतील तर `[०-९]+` असं स्पष्ट लिहावं लागतं.

उरला शेवटच्या कोडमागचा स्वल्पविराम. जावास्क्रिप्ट आणि पायथनच्या यादीत तो चालतो, पण यादी जेसन फाइलमध्ये जाणार असेल तर तो हाताने पुसावा. तिथे तो चूक ठरतो.