आधी पैसे सोडा, मग दहा रुपये बघा

आयकराचा हिशेब हाताने मांडला आणि शेवटची रक्कम रिटर्नमधल्या रकमेशी जुळली, की बहुतेकजण समाधानाने कागद बाजूला ठेवतात. पण शेवटची रक्कम दहा रुपयांत राउंड केलेली असते. त्या राउंडिंगच्या पोटात वरच्या ओळींतली चूक सहज लपते. एखाद्या वर्षी ती लपून राहते, एखाद्या वर्षी तिची किंमत दहा रुपये होते, आणि उत्पन्न एका विशिष्ट उंबरठ्यावर असेल तर हीच चूक तेरा हजारांना पडते. म्हणून हाताने केलेला हिशेब तपासायचा तो उत्तरावरून नाही, ओळीओळीने.

१९६१ च्या आयकर कायद्यात दहा रुपयांचे राउंडिंग दोनच ठिकाणी सांगितले आहे. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला असला, तरी २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाचा हिशेब जुन्याच कायद्याने होतो. त्यातले कलम २८८-ए एकूण उत्पन्नाबद्दल आहे. सगळ्या वजावटी झाल्यावर जे उरते, ते दहाच्या जवळच्या पटीत आणायचे. कलम २८८-बी भरायच्या किंवा परत मिळायच्या रकमेबद्दल आहे. तीही तशीच दहाच्या पटीत आणायची. मधल्या ओळींना, म्हणजे पगार, व्याज, वजावटी, स्लॅबचा कर आणि सेस यांना, दहाचा नियम लागत नाही.

दोन्ही कलमांतली रीत एकच आहे आणि तिच्या दोन पायऱ्या आहेत. आधी पैसे सोडून द्यायचे, कितीही असले तरी. मग उरलेल्या रुपयांचा शेवटचा अंक बघायचा. तो पाच किंवा जास्त असेल तर वरची दहाची पट, पाचापेक्षा कमी असेल तर खालची. शाळेत शिकलेल्या सवयीने आपण ८५ पैसे दिसले की रुपया वाढवतो. इथे तसे करायचे नाही. ४ रुपये ९९ पैसे हे कायद्याच्या दृष्टीने ४ रुपयेच आहेत, आणि ४ म्हणजे खाली.

एक पूर्ण उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातली साठ वर्षांखालची एक नोकरदार व्यक्ती, जुनी करप्रणाली, आर्थिक वर्ष २०२५-२६. पगार ८,४६,३६७ रुपये. त्यातून ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि २,५०० चा व्यवसाय कर गेला, की उरतात ७,९३,८६७. बचत खात्याचे व्याज ६,२८४.६५ आणि मुदत ठेवीचे २१,३०७.८५, मिळून २७,५९२.५०. ढोबळ एकूण उत्पन्न झाले ८,२१,४५९.५०. वजावटी अशा: ८०-सी खाली १,५०,०००, आरोग्य विम्याचे १८,३२०, आणि बचत खात्याच्या व्याजाची ८०-टीटीए खालची ६,२८४.६५. त्यांची बेरीज १,७४,६०४.६५. उरले ६,४६,८५४.८५.

इथे पहिले राउंडिंग. ८५ पैसे सोडले, राहिले ६,४६,८५४. शेवटचा अंक चार, म्हणून एकूण उत्पन्न ६,४६,८५०. यापुढचा हिशेब असा:

- पहिल्या २,५०,००० वर कर नाही
- पुढच्या २,५०,००० वर ५ टक्क्यांनी १२,५००
- उरलेल्या १,४६,८५० वर २० टक्क्यांनी २९,३७०
- कर ४१,८७०
- त्यावर ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण सेस १,६७४.८०
- एकूण ४३,५४४.८०
- कापलेला टीडीएस ४०,२१८
- बाकी ३,३२६.८०

आता दुसरे राउंडिंग. पैसे सोडले, ३,३२६. शेवटचा अंक सहा, म्हणून भरायचे ३,३३०.

हाच हिशेब दुसऱ्याने केला आणि त्याने ८५ पैशांचा रुपया केला असे समजा. त्याचे उत्पन्न ६,४६,८५५ होईल आणि तिथून ६,४६,८६०. वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये दहा रुपयांवर दोन रुपये कर आणि आठ पैसे सेस लागतो. त्यामुळे त्याचा एकूण कर ४३,५४६.८८ आणि बाकी ३,३२८.८८ येते. राउंड केल्यावर पुन्हा ३,३३०. उत्पन्नाची ओळ चुकली, कराची चुकली, सेसची चुकली, आणि उत्तर मात्र बरोबर आले. नुसते उत्तर ताडून पाहणाऱ्याला ही चूक कधीच सापडणार नाही.

सेसच्या ओळीवर जास्त घोटाळे होतात, कारण तिथेच पहिल्यांदा सुटे पैसे समोर येतात आणि हात शिवशिवतो. १,६७४.८० चे १,६७० केले, तर एकूण ४३,५४० येतात, बाकी ३,३२२ आणि भरायची रक्कम ३,३२०. दहा रुपये कमी. टीडीएस वजा करण्याआधीच ४३,५४४.८० चे ४३,५४० केले तरी हेच होते. दहाचा नियम ‘भरायच्या रकमेला’ आहे, आणि भरायची रक्कम टीडीएस वजा केल्यावर उरते ती. त्याआधी केलेले राउंडिंग हे मधेच घेतलेले राउंडिंग आहे.

सेसची दुसरी चूक दराची असते. २०१७-१८ पर्यंत दोन टक्के शिक्षण उपकर आणि एक टक्का माध्यमिक व उच्च शिक्षण उपकर असे दोन वेगळे उपकर होते. २०१८-१९ पासून त्यांच्या जागी एकच चार टक्के सेस आला. जुन्या वहीतला नमुना पुढे ओढणाऱ्यांच्या हिशेबात तीन टक्के अजून सापडतात. हा सेस उत्पन्नावर लागत नाही. कलम ८७-ए ची सूट वजा झाल्यानंतर जो कर उरतो त्यावर, आणि अधिभार असेल तर तो धरून, लागतो.

या सगळ्या चुका पकडायला तीन सोप्या परीक्षा पुरतात. पहिली, दर एकत्र करून हिशेब पुन्हा मांडणे. सेस धरून ५ टक्के म्हणजे ५.२ आणि २० टक्के म्हणजे २०.८. आपल्या उदाहरणात २,५०,००० वर ५.२ टक्क्यांनी १३,००० आणि १,४६,८५० वर २०.८ टक्क्यांनी ३०,५४४.८०. बेरीज ४३,५४४.८०. वेगळ्या वाटेने तोच आकडा आला, म्हणजे कर आणि सेस दोन्ही ठीक.

दुसरी परीक्षा, सेस हा एकूण रकमेचा सव्विसावा भाग असतो, कारण १०४ मध्ये ४ म्हणजे २६ मध्ये १. ४३,५४४.८० ला २६ ने भागले की १,६७४.८० यायलाच हवेत. तीन टक्क्यांचा जुना दर किंवा सेसचे मधेच केलेले राउंडिंग इथे लगेच उघडे पडते.

तिसरी परीक्षा फक्त शेवटचे अंक बघण्याची आहे. उत्पन्न दहाच्या पटीत असेल तर २० टक्के कर नेहमी दोनच्या पटीत येतो. म्हणून जुन्या प्रणालीत पाच ते दहा लाखांमधल्या उत्पन्नावरचा कर पूर्ण रुपयांत आणि सम संख्येत असतो. ४१,८७० तसा आहे. कोणी राउंड न करता थेट ६,४६,८५४.८५ वर कर काढला असेल तर ४१,८७०.९७ दिसेल. ते ९७ पैसेच सांगतात की पहिले राउंडिंग राहिले. तसेच कर पूर्ण रुपयांत असेल तर सेसच्या पैशांना चारने निःशेष भाग जातो. ८० ला जातो, ७५ ला जात नाही. नव्या प्रणालीत ५, १५ आणि २५ टक्क्यांचे दर असल्याने कराच्या शेवटी पन्नास पैसे येऊ शकतात, पण त्याहून वेगळे काही येत नाही. ही तिसरी परीक्षा फक्त स्लॅबच्या उत्पन्नाला लागू आहे. शेअर्सच्या दीर्घकालीन भांडवली नफ्यावरचा साडेबारा टक्क्यांसारखा विशेष दर, अधिभार किंवा सीमांत सवलत हिशेबात आली की पैसे कसेही येऊ शकतात.

पोर्टलवरच्या रिटर्नमध्ये रकमा पूर्ण रुपयांत भराव्या लागतात, म्हणून कागद आणि पडदा यांत रुपया-दोन रुपयांचा फरक दिसू शकतो. आपल्याच उदाहरणात व्याजाचे दोन्ही आकडे वरच्या रुपयात, ६,२८५ आणि २१,३०८ असे भरले, तर एकूण उत्पन्न ६,४६,८५५ होऊन ६,४६,८६० दिसते. फरक का आला हे ओळीवर बोट ठेवून सांगता आले, तर काळजीचे कारण नाही. सांगता आले नाही, तर तो फरक राउंडिंगचा आहे असे गृहीत धरू नये.

आता तो उंबरठा. जुन्या प्रणालीत एकूण उत्पन्न पाच लाखांपेक्षा जास्त नसेल, तर कलम ८७-ए खाली १२,५०० पर्यंतचा पूर्ण कर माफ होतो. कलम २८८-ए म्हणते की राउंड केलेली रक्कम हेच कायद्याच्या सगळ्या कामांसाठी एकूण उत्पन्न. म्हणजे ८७-ए साठीही तेच. वजावटींनंतर ५,००,००४.९० उरले असतील, तर पैसे सोडून ५,००,००४, आणि एकूण उत्पन्न बरोबर ५,००,०००. कर शून्य. याच जागी कोणी ९० पैशांचा रुपया केला, तर ५,००,००५ होऊन उत्पन्न ५,००,०१० ठरते. सूट गेली. कर १२,५०२, सेस ५००.०८, एकूण १३,००२.०८, भरायचे १३,०००. दहा पैसे वाढवून घेतले आणि तेरा हजार खिशातून गेले. या चुकीला शेवटच्या राउंडिंगचा कसलाच आधार मिळत नाही.

नव्या प्रणालीत २०२५-२६ साठी हीच सीमा बारा लाखांची आहे, पण तिथे सीमांत सवलत आहे. बारा लाखांच्या वर जितके उत्पन्न, त्याहून जास्त कर घेतला जात नाही. १२,००,०१० वर कर दहा रुपये आणि सेस चाळीस पैसे, म्हणजे राउंड करून दहा रुपये. जुन्या प्रणालीतल्या पाच लाखांच्या सीमेला अशी सवलत नाही. तिथे एका बाजूला शून्य आणि दुसऱ्या बाजूला तेरा हजार.

म्हणून जुन्या प्रणालीत उत्पन्न पाच लाखांच्या आसपास येत असेल, तर वजावटींनंतरची रक्कम पैशांसकट कागदावर लिहावी. ती ५,००,००४.९९ पर्यंत असेल तर सूट कायम आहे. ती ५,००,००५ झाली की सूट खरोखरच गेली, आणि तेव्हा राउंडिंगशी वाद घालण्यात अर्थ नाही. तेव्हा वरच्या ओळींकडे जावे: बचत खात्याच्या व्याजाची वजावट घ्यायची राहिली का, फॉर्म १६ मध्ये व्यवसाय कर पूर्ण धरला आहे का, विम्याच्या हप्त्याची एखादी पावती सुटली का. हक्काची एवढीशी वजावट सापडली, तरी उत्पन्न त्या रेषेच्या आत येते.